भिंतीच्या वादात कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज कसा करावा

समजा, लातूरच्या एका एन.ए. लेआउटमध्ये प्लॉट नंबर 14 तुमचा आणि 15 शेजाऱ्याचा आहे. दोन्ही 30 बाय 50 फुटांचे. शेजाऱ्याने बांधलेली भिंत रस्त्याच्या टोकाला दीड फूट तुमच्या हद्दीत आली आहे, मागच्या टोकाला मात्र ती बरोबर हद्दीवर आहे, असं तुमचं म्हणणं. म्हणजे भांडण साडेसदतीस चौरस फुटांच्या त्रिकोणी तुकड्याचं. साक्षीदारांच्या तोंडी सांगण्यावरून एवढा फरक ठरत नाही, त्याला मोजणीच लागते. ती जागेवर जाऊन करायला कोर्ट ज्याला नेमतं, तो कोर्ट कमिशनर.

ही मोजणी मागायची ती दाव्यातच. दावा चालू नसेल तर हा अर्ज करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली शपथपत्रासह अर्ज द्या. सोबत दोन्ही प्लॉटची खरेदीखतं, मंजूर लेआउटचा नकाशा आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा जोडा.

खरी कसोटी विनंतीच्या परिच्छेदात आहे. ‘प्रतिवादीने अतिक्रमण केले आहे का, ताबा कोणाचा, हे कमिशनरने सांगावे’ असं लिहिलं की समोरचा वकील त्याच्या से मध्ये, म्हणजे अर्जावरच्या लेखी उत्तरात, ‘वादी कमिशनरकडून पुरावा गोळा करू पाहतो’ म्हणतो, आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ताबा साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा असतो. म्हणून फक्त मोजण्यासारखं मागा:

‘भूमी अभिलेख कार्यालयाच्या अधिकाऱ्यास कमिशनर नेमून प्लॉट नं. 14 व 15 यांची मंजूर नकाशाप्रमाणे संयुक्त मोजणी करावी, भिंतीच्या दोन्ही बाजू नकाशात दाखवाव्यात आणि ती हद्दरेषेपासून दोन्ही टोकांना किती अंतरावर आहे ते नमूद करावे.’

‘दोन्ही बाजू’ हे शब्द गाळू नका. नऊ इंची भिंतीत कोणत्या बाजूपासून मोजलं यावरच पाऊण फुटाचा फरक पडतो. ‘संयुक्त’ही तितकंच महत्त्वाचं. एकट्या 14 ची मोजणी झाली तर 15 पूर्ण भरतो की नाही हे कळतच नाही.

अर्ज कधी द्यावा, यावर वकिलाशी बोला. काही न्यायालयं आधी पुरावा होऊ द्या म्हणतात. अर्ज मंजूर झाला की खर्च कोर्टाने सांगितलेल्या मुदतीत भरा.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: मोजायला सुरुवात कुठून झाली. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीपासून टेप लावला तर त्या घराची चूक तुमच्या नकाशात उतरते. सुरुवात नकाशात दाखवलेल्या कायम खुणेपासून हवी. तशी नसेल तर तिथेच लेखी हरकत द्या. शेजाऱ्याला नोटीस मिळाली होती याचीही खात्री करा. नाहीतर सगळी मोजणी वादात सापडते.

अहवाल आला की तो पुराव्याचा भाग होतो, पण कोर्टावर बंधनकारक नसतो. आकडे पटले नाहीत तर हरकत घ्या आणि नियम 10 खाली कमिशनरला तपासण्याची परवानगी मागा. पहिला प्रश्न सुरुवातीच्या खुणेबद्दलच विचारायचा. अहवालाने कोर्टाचं समाधान झालं नाही, तर ते पुढील चौकशीचा आदेश देऊ शकतं.