आरएफपीचे प्रश्न मॅट्रिक्समध्ये उतरवताना या चुका टाळा

आरएफपी, म्हणजे ग्राहकाने पाठवलेली प्रस्तावाची मागणी, आली की पीडीएफमधले प्रश्न एक्सेलमध्ये टाकायचे, बाजूला नावं लिहायची आणि शीट मेलवर फिरवायची. बहुतेक ऑफिसांत मॅट्रिक्स अशीच बनते. गडबड कळते ती सब्मिशनच्या आदल्या संध्याकाळी, कारण एका प्रश्नाचा अर्धा भाग कुणीच लिहिलेला नसतो.

त्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, बीकेसीतल्या एका बँकेला कर्मचाऱ्यांसाठी आयटी हेल्पडेस्क हवा आहे. आरएफपी 24 ऑगस्ट 2026ला आली आणि सब्मिशन आहे गुरुवार, 17 सप्टेंबर, दुपारी 3 वाजता. प्रश्न 4.10 असा: «हेल्पडेस्कची रचना, शिफ्टनिहाय मनुष्यबळ, सेवेच्या भाषा आणि तक्रार वरच्या पातळीवर नेण्याची पद्धत सांगा. मागील तीन वर्षांतील अशा दोन कामांचे दाखले जोडा. कमाल 400 शब्द.»

नंबरच बिघडतो

पहिली चूक लिहिण्याआधीच होते. 4.10 एक्सेलमध्ये टाइप केलं की तो दशांश समजून त्याचं 4.1 करतो. आता शीटमध्ये 4.1 दोनदा दिसतं आणि 4.10 कुठेच नाही. 3-2 असा नंबर असेल तर त्याची तारीख होऊन बसते. नंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, मूळ नंबर गेलेला असतो. प्रश्न पेस्ट करण्याआधीच तो कॉलम Text करून घ्या.

प्रश्न शब्दशः उतरवा. «हेल्पडेस्कची माहिती» असा सारांश लिहिला की लिहिणाऱ्याला भाषांचा मुद्दा दिसतच नाही, आणि मूळ पीडीएफ कोण उघडून बघतं?

एका ओळीत पाच प्रश्न

4.10मध्ये खरं तर पाच मागण्या आहेत. वाक्यातले «आणि», स्वल्पविराम आणि प्रत्येक क्रियापद यांवर पेन्सिल ठेवत वाचलं की त्या सुट्या होतात: 4.10अ रचना, 4.10आ मनुष्यबळ, 4.10इ भाषा, 4.10ई तक्रारीची पद्धत, 4.10उ दाखले. प्रत्येकीला स्वतंत्र ओळ द्या, मूळ प्रश्न मात्र प्रत्येक ओळीत पूर्ण ठेवा. बँकेला जाणारं उत्तर शेवटी 4.10 म्हणून एकच जाईल. ही फोड आपल्यापुरती असते.

फोड केल्यावर ओनर ठरवणं सोपं जातं. सगळ्या प्रश्नासमोर «डिलिव्हरी टीम» लिहिलं तर डिलिव्हरीवाले रचना लिहून मोकळे होतात आणि दाखले एचआर आणेल असं धरून चालतात. एचआरला तर हे माहीतही नसतं. म्हणून प्रत्येक ओळीत एकच व्यक्ती, नावासह. अ आणि ई डिलिव्हरी मॅनेजरकडे, आ एचआरमधल्या एकाकडे, इ ट्रेनिंगकडे. दाखले अकाउंट मॅनेजरकडे द्यावेत, कारण जुन्या ग्राहकाचं नाव छापायला त्याची परवानगी लागते आणि ती त्यांच्या लीगलकडून यायला आठवडा सहज जातो. म्हणूनच या पाच ओळींत सगळ्यात आधीची तारीख दाखल्यांची असायला हवी. बहुतेक शीटमध्ये ती शेवटची असते!

लिहिणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा यांचे कॉलम वेगळे ठेवा. «ओनर» मात्र एकच: उशीर झाला तर ज्याला फोन करायचा तो.

शब्दमर्यादा कुणाची?

फोड केल्यावर 400चा आकडा पाचही ओळींत कॉपी होतो आणि प्रत्येक जण चारशे शब्द लिहून पाठवतो. जोडताना पंधराशेच्या वर मजकूर हातात येतो. मग कापाकापी करणारा शेवटच्या रात्री नेमकी तक्रारीची पद्धत छाटतो, कारण ती सगळ्यात लांब असते.

त्यामुळे फोडीबरोबरच शब्दही वाटून द्या. मूल्यांकनाच्या तक्त्यात कुठल्या मुद्द्याला किती गुण आहेत ते बघून वाटप करावं. इथे तक्रारीच्या पद्धतीला जास्त गुण आहेत असं धरू: रचना 120, मनुष्यबळ 90, भाषा 40, तक्रारीची पद्धत 130. झाले 380. उरलेले 20 जोडणीच्या वाक्यांसाठी. दाखले परिशिष्टात गेले तर ते 400मध्ये मोजायचे का, हे आरएफपीत लिहिलेलं नसेल तर अंदाज करू नका. प्रश्न विचारण्याच्या मुदतीत बँकेला लेखी विचारा.

शीटमध्येच शब्द मोजायचे असतील तर नेहमीचं सूत्र फसवतं. ते फक्त स्पेस मोजतं. Alt+Enter दाबून नवी ओळ केली असेल तर आधीच्या ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढचा पहिला शब्द मिळून एक धरला जातो. बुलेट असलेल्या उत्तरात आकडा बराच कमी दिसतो. शिवाय रिकाम्या सेललाही ते 1 दाखवतं. उत्तर G कॉलममध्ये असेल तर हे वापरा:

```
=IF(TRIM(G2)="",0,LEN(TRIM(SUBSTITUTE(G2,CHAR(10)," ")))-LEN(SUBSTITUTE(SUBSTITUTE(G2,CHAR(10)," ")," ",""))+1)
```

उत्तर पोर्टलच्या चौकटीत भरायचं असेल तर ती चौकट शब्द मोजते की अक्षरं, तेही आधी बघा. इंग्रजीतले 400 शब्द म्हणजे स्पेस धरून साधारण 2,500 अक्षरं. चौकट 2,000 अक्षरांची असेल तर वाटप पुन्हा करावं लागेल.

सगळ्यांना एकच तारीख

सगळ्यांना 16 सप्टेंबर दिली की मॅट्रिक्सचा काही उपयोग राहत नाही. सब्मिशनपासून मागे मोजत यायचं, आणि मुंबईत मोजायचं तर कॅलेंडर समोर ठेवून. 2026ची गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. अंतिम मंजुरी पाच कामाचे दिवस आधी हवी असेल तर:

```
=WORKDAY(DATE(2026,9,17),-5,Holidays!A2:A10)
```

Holidays नावाच्या शीटमधली सुट्ट्यांची यादी रिकामी ठेवली तर हे सूत्र 10 सप्टेंबर सांगतं. 14 टाकली की 9. दीड दिवसाच्या विसर्जनामुळे 15लाही निम्मं ऑफिस नसणार असेल तर तीही टाका, उत्तर 8 येतं. यादीत नसतं ते वेगळंच: गावी गणपती असलेले लोक शुक्रवारी दुपारपासूनच कोकणच्या वाटेला लागतात. ज्याची सही हवी तो त्यांच्यातला असेल तर त्याची रजा त्याच्या ओळीतच लिहून ठेवा.

मग 8ला मंजुरी, 1 सप्टेंबरला पहिला मसुदा आणि 16ला अपलोड, असा क्रम लागतो. दाखल्यांच्या परवानगीची विनंती मात्र 25 ऑगस्टलाच गेलेली असावी. सरकारी ई-निविदा पोर्टलवर तर घड्याळ सर्व्हरचं चालतं, तुमच्या मनगटावरचं नाही. त्यामुळे 17ला सकाळी अपलोड सुरू करू, हा बेत तारखेच्या कॉलममध्ये येऊच देऊ नका.

तारखांची क्रमवारी विचित्र लागली तर सेल बघा. तारीख डावीकडे चिकटलेली दिसत असेल तर बहुधा ती मजकूर आहे. 05.09.2026 असं ठिपके देऊन टाइप केलं की बहुतेक वेळा हेच होतं, आणि मग फिल्टर लावूनही उशिराच्या ओळी सापडत नाहीत.

शुद्धिपत्रक आल्यावर

शुद्धिपत्रकाने 4.6 काढून टाकला तर पुढचे नंबर सरकतात आणि आपला 4.10 त्यांचा 4.9 होतो. जुनी ओळ पुसू नका. स्वतःचा न बदलणारा क्रमांक पहिल्या कॉलममध्ये ठेवा (R-041 वगैरे), त्यापुढे जुना नंबर, नवा नंबर आणि कोणत्या तारखेच्या शुद्धिपत्रकाने बदल झाला ते. काढलेल्या प्रश्नासमोर «रद्द» लिहा आणि त्याच्या ओनरला त्याच दिवशी फोन करा, नाहीतर तो रद्द झालेलं उत्तर लिहीतच बसेल.