फोटोतल्या स्लाइडवरून सहा मिनिटांचं भाषण

सांगलीत हळद उत्पादकांच्या बैठकीत मला हळदीच्या काढणीपासून साठवणीपर्यंतच्या कामांवर सहा मिनिटं बोलायचं होतं. सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तो एका स्लाइडचा तिरका फोटो, त्यात नऊ मुद्दे ठासून भरलेले. मी सरळ प्रत्येकाला चाळीस सेकंद दिले आणि मोबाइलवर वेळ लावून मोठ्यानं वाचलं, तर नऊ मिनिटं! साठवण दहा सेकंदांत उरकते, शिजवणं काही उरकत नाही.

मग मुद्दे तीन स्लाइडांत वाटले: काढणी १ मिनिट, शिजवणं ३, वाळवण-साठवण दीड. अर्धा मिनिट खोळंब्याला. मी मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो, पण शिजवण्याच्या टिपणात ३३० ऐवजी २८०च ठेवले. मध्येच कुणीतरी विचारतंच. वर लिहिलं: ‘१:०० ते ४:००. फेस आला, पांढरी वाफ निघाली, काडी सहज घुसली की झालं.’ उशीर झाला तर गाळायची वाक्यं कंसात टाकली.

फोटोत ट्यूबलाइटची चमक पडली होती, त्यामुळे शिजवण्याच्या ‘४५ ते ६० मिनिटं’ या वेळेतलं ‘६०’ मला ‘८०’ दिसलं. सरांना फोन करून विचारलं, नाहीतर पुढच्या रांगेतल्या आबांनी तिथंच धरलं असतं.