अरबी वाक्यात कर्ता शेवटी आला तर: अंत्यस्वरांवरून कर्ता-कर्म कसे ओळखावे आणि इंग्रजीत कसे न्यावे

अरबी वर्तमानपत्रातल्या बातमीच्या धाटणीचे एक वाक्य बांधून घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून चालू. अरबी शब्दाच्या शेवटी येणारा विभक्तीचा स्वर मी छोटी रेघ देऊन वेगळा दाखवला आहे. प्रत्यक्ष बोलताना हे सगळे जोडून उच्चारतात.

इस्तक्बल वझीर-अ अल्-खारिजिय्यत-इ अल्-फरन्सिय्य-अ फी मतार-इ अल्-काहिरत-इ मसा-अ अम्स-इ कुबैल-अ इन्इकाद-इ अल्-मुअ्तमर-इ अदद-उन् मिन अस्-सुफरा-इ अल्-अरब-इ अल्-मुकीमीन फी अल्-आसिमत-इ.

शब्द त्याच क्रमाने मराठीत ठेवले तर असे दिसते: स्वागत केले, मंत्री, परराष्ट्र, फ्रेंच, विमानतळावर, कैरो, संध्याकाळ, काल, थोडे आधी, भरणे, परिषद, संख्या, पैकी, राजदूत, अरब, राहणारे, राजधानीत. इंग्रजीची सवय असलेला वाचक क्रियापदानंतरच्या पहिल्या नामाला कर्ता समजतो आणि ‘फ्रेंच परराष्ट्रमंत्र्यांनी राजदूतांचे स्वागत केले’ असे भाषांतर करून मोकळा होतो. घडले आहे नेमके उलटे. स्वागत राजदूतांनी केले, मंत्र्यांचे झाले. हे कळण्याचा आधार वाक्यातल्या दोन स्वरांत आहे.

अरबी नामाच्या तीन अवस्था असतात. ‘उ’ने संपते ती रफा, ‘अ’ने संपते ती नस्ब आणि ‘इ’ने संपते ती जर्र. नाम अनिश्चित असेल तर त्याच स्वरांना न् जोडला जातो: उन्, अन्, इन्. कर्ता रफामध्ये असतो, कर्म नस्बमध्ये, आणि शब्दयोगी अव्ययानंतरचे किंवा ‘अमक्याचा तमका’ या जोडीतले मालक-नाम जर्रमध्ये. मराठीत प्रथमा, द्वितीया आणि षष्ठी शिकलेल्याला ही व्यवस्था परकी वाटत नाही. ‘वाघाला शिकाऱ्याने मारले’ या वाक्यात वाघ आधी आला तरी मराठी वाचक गोंधळत नाही, कारण तो क्रमाकडे न पाहता प्रत्ययाकडे पाहतो. अरबी वाक्यही असेच वाचायचे असते.

पहिली पायरी: क्रियापद गाठा आणि त्याला किती जागा भरायच्या आहेत ते विचारा. इस्तक्बल म्हणजे स्वागत केले. त्याला करणारा लागतो आणि ज्याचे स्वागत झाले तोही लागतो. म्हणजे आपण एक रफा आणि एक नस्ब शोधतो आहोत. क्रियापद एकवचनी आहे म्हणून कर्ताही एकच असेल, असे मात्र मानू नका. क्रियापद कर्त्याच्या आधी आले की अरबीत ते एकवचनीच राहते, मागून शंभर राजदूत आले तरी.

दुसरी पायरी: जर्रमधली सगळी नामे पेन्सिलीने कंसात टाका. लांब वाक्य या एका कृतीने निम्म्याहून कमी होते. फी म्हणजे ‘मध्ये’, म्हणून विमानतळ गेला आणि त्याला जोडलेले कैरोही गेले. ‘कालची’ संध्याकाळ, परिषद ‘भरण्याच्या’ आधी, ‘परराष्ट्राचा’ मंत्री, या सगळ्या जोड्यांतले दुसरे नाम जर्रमध्ये आहे. मिन म्हणजे ‘पैकी’. त्यामुळे राजदूत जर्रमध्ये गेले आणि त्यांची अरब व राहणारे ही विशेषणेही त्यांच्यामागोमाग गेली. इथे काहींना धक्का बसतो, कारण अर्थाने स्वागत राजदूतांनीच केले आहे. पण व्याकरणाने कर्ता ‘संख्या’ म्हणजे अदद आहे, आणि राजदूत तिला टेकून उभे आहेत.

याच पायरीवर विशेषणे कोणाची आहेत तेही ठरवून टाका. अल्-फरन्सिय्य हे विशेषण अल्-खारिजिय्यतच्या शेजारी आहे, तरी ते तिचे नाही. खारिजिय्यत स्त्रीलिंगी आणि जर्रमध्ये आहे, तर फरन्सिय्य पुल्लिंगी आणि नस्बमध्ये. लिंग आणि स्वर दोन्ही मंत्र्याशी जुळतात, म्हणून फ्रेंच आहे तो मंत्री.

तिसरी पायरी: उरलेल्या नस्बमधून काळ-वेळ बाजूला काढा. आता चार शब्द राहिले: वझीर-अ, मसा-अ, कुबैल-अ, अदद-उन्. नवशिक्या भाषांतरकार सर्वांत जास्त इथे घसरतो, कारण ‘अ’ दिसला की तो कर्म मानतो. मसा-अ म्हणजे ‘संध्याकाळी’ आणि कुबैल-अ म्हणजे ‘जरा आधी’. अरबीत अव्ययाशिवाय काळ आणि स्थळ सांगणारी नामे नस्बमध्ये येतात. ‘केव्हा?’ किंवा ‘कुठे?’ याचे उत्तर देणारा ‘अ’ कर्माचा नसतो. ‘कसा?’ याचे उत्तर देणाराही नसतो: ‘तो हसत आला’ मधल्या ‘हसत’साठी अरबी नस्बमधले विशेषण वापरते.

आता दोनच नामे हातात आहेत. वझीर-अ नस्बमध्ये, म्हणून कर्म. अदद-उन् रफामध्ये, म्हणून कर्ता. मंत्री आणि संख्या यांच्यामध्ये कितीही शब्द असले तरी उत्तर बदलत नाही.

खरी अडचण यापुढे आहे. कुराण, मुलांची पुस्तके आणि काही कवितासंग्रह सोडले तर छापील अरबीत हे ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत. बातमीत ‘वझीर’ एवढेच दिसेल, मग तो वझीर-उ असो की वझीर-अ. तरीही पानावर काही खुणा उरतात आणि अनुभवी वाचक त्यांच्यावरच डोळा ठेवतो.

त्यातली सर्वांत उपयोगी खूण म्हणजे शेवटचा अलिफ. अनिश्चित नाम नस्बमध्ये असेल तर अन् दाखवण्यासाठी शब्दाच्या शेवटी अलिफ हे अक्षर लिहितात. आपल्या वाक्यात अददच्या शेवटी अलिफ नाही. म्हणजे ते अददन् नाही. ते जर्रमध्ये असण्याचेही कारण नाही, कारण आधी अव्यय नाही की जोडीतले पहिले नामही नाही. मग ते अदद-उन्‌च असले पाहिजे. उलट, मंत्र्यांनी राजदूतांचे स्वागत केले असते तर छपाईत अददपुढे उभा अलिफ आला असता. एकोणीस शब्दांच्या वाक्याचा अर्थ एका उभ्या रेघेवर फिरतो.

अलिफ सगळ्या शब्दांना लागत नाही. स्त्रीलिंगी ता मरबूता या अक्षराने संपणाऱ्या शब्दांना तो लागत नाही. अददच्या जागी मजमूअत, म्हणजे गट, हा शब्द असता तर ही खूण गेली असती. तेव्हा क्रियापदाकडे वळा. ते इस्तक्बलत असे स्त्रीलिंगी असेल तर स्वागत करणारा गटच आहे, कारण पुल्लिंगी मंत्री कर्ता असता तर शेवटचा ‘त’ आला नसता. ‘त’ नसेल तर मंत्री कर्ता असण्याचा कल जास्त. पण खात्री नाही, कारण कर्ता क्रियापदापासून दूर असला की ‘त’ गाळलेला चालतो. अशा वेळी बातमीचा मथळा आणि पुढचे वाक्य वाचूनच निर्णय घ्यावा.

दुसरी खूण अनेकवचनात आणि द्विवचनात आहे, कारण तिथे स्वराऐवजी अक्षरेच बदलतात. प्रतिनिधी कर्ता असतील तर मन्दूबून, कर्म असतील तर मन्दूबीन. दोन मंत्री कर्ता असतील तर वझीरान, कर्म असतील तर वझीरैन. ऊन आणि आन दिसले की रफा नक्की. ईन आणि ऐन दिसले तर नस्ब किंवा जर्र, त्यातले कोणते हे दुसऱ्या पायरीने ठरते. स्त्रीलिंगी आत-अंती अनेकवचन मात्र काहीच सांगत नाही. स्वर लिहिलेले असले तरी तिथे कर्मालाही ‘अ’ऐवजी ‘इ’ लागतो, आणि हे माहीत नसलेला कर्माला जर्र समजतो.

तिसरी खूण मला स्वतःला फार आवडते. आ या दीर्घ स्वरानंतर हम्झा हे छोटे चिन्ह येऊन शब्द संपत असेल आणि त्याला ‘त्याचा’ असा प्रत्यय जोडला असेल, तर हम्झा कशावर बसला आहे ते पाहा. त्याचे सहकारी, झुमलाउहू, रफामध्ये असतील तर हम्झा वाव या अक्षरावर बसतो. जर्रमध्ये असतील, म्हणजे झुमलाइही, तर या या अक्षराच्या आसनावर. नस्बमध्ये तो एकटा ओळीवर राहतो. न लिहिलेला स्वर असा हम्झाच्या आसनातून छापील पानावर येतो.

एक सापळा वाक्याच्या सुरुवातीला असतो. वाक्य इन्न या शब्दाने सुरू झाले तर त्यामागचे उद्देश्य नस्बमध्ये जाते: इन्न अल्-वझीर-अ इस्तक्बल अदद-अन्. इथे दोन्ही नामांना ‘अ’ आहे, तरी मंत्रीच स्वागत करतो आहे. म्हणून स्वर पाहण्याआधी वाक्य कशाने उघडते ते पाहायची सवय लावा. कान, म्हणजे ‘होता’, याच्याबरोबर याच्या उलट घडते. तिथे नस्बमध्ये येते ते विधेय, आणि त्याला कर्म समजून इंग्रजीत नेले की वाक्य मोडते.

आता इंग्रजी. तिला विभक्ती जवळजवळ नाहीत, त्यामुळे अरबी स्वरांनी केलेले काम तिथे शब्दांच्या जागेला करावे लागते. थेट मार्ग म्हणजे कर्ता उचलून पुढे आणणे: ‘अ नंबर ऑफ अरब ॲम्बॅसडर्स रिसीव्ह्ड द फ्रेंच फॉरेन मिनिस्टर’. व्याकरणाने हे बरोबर आहे, पण बातमीचा रोख हरवतो. अरबी लेखकाने मंत्र्याला मुद्दाम आधी ठेवले आहे, कारण बातमी मंत्र्याची आहे. म्हणून इथे मी कर्मणी प्रयोग निवडेन: ‘द फ्रेंच फॉरेन मिनिस्टर वॉज रिसीव्ह्ड ॲट कैरो एअरपोर्ट यस्टर्डे ईव्हनिंग, शॉर्टली बिफोर द कॉन्फरन्स ओपन्ड, बाय अ नंबर ऑफ अरब ॲम्बॅसडर्स बेस्ड इन द कॅपिटल’. नामांचा क्रम अरबीसारखाच राहिला आणि कोणी कोणाचे स्वागत केले तेही चुकले नाही. मराठी भाषकाने मध्ये एक मराठी खर्डा करून पाहावा: ‘फ्रेंच परराष्ट्रमंत्र्यांचे … राजदूतांनी स्वागत केले’. त्यात अरबी क्रम जवळपास तसाच ठेवता येतो, आणि ‘चे’ व ‘नी’ लिहिताना कर्ता-कर्माचा निर्णय टाळता येत नाही.

प्रत्येक वेळी कर्मणी प्रयोग चालतोच असे नाही. कुराणातल्या फातिर सूऱ्याची 28वी आयत पाहा: इन्नमा यख्शा अल्लाह-अ मिन इबादिही अल्-उलमा-उ. यख्शा म्हणजे भितो. नुसत्या क्रमाने वाचले तर ‘अल्लाह भितो’ असा अनर्थ होतो. अल्लाह-अ नस्बमध्ये आहे, अल्-उलमा-उ म्हणजे ज्ञानी रफामध्ये. ज्ञानी लोक भितात, अल्लाहला. सुरुवातीचा इन्नमा म्हणजे ‘फक्त’ हा वाक्यातल्या शेवटच्या घटकाला बांधतो. म्हणून अर्थ ‘त्याच्या सेवकांपैकी फक्त ज्ञानीच अल्लाहला भितात’ असा होतो. ज्ञानी आधी आणि अल्लाह शेवटी आला असता तर ‘ज्ञानी फक्त अल्लाहलाच भितात’ असा अर्थ झाला असता. इंग्रजीत ‘ओन्ली’ हा शब्द म्हणूनच कर्त्याच्या लगेच आधी ठेवावा लागतो: ‘ओन्ली दोज ऑफ हिज सर्व्हंट्स हू हॅव नॉलेज फिअर गॉड’. विभक्तीने कर्ता दिला आणि क्रमाने जोर दिला. भाषांतरात दोन्ही यायला हवेत.

स्वर मुळीच उमटू न देणारी नामेही आहेत. मूसा, ईसा, सल्मा ही नावे दीर्घ आ-ने संपतात आणि तिन्ही अवस्थांत तशीच राहतात. ‘मूसाने ईसाला मारले’ यासाठी दरब मूसा ईसा असेच लिहावे लागते आणि अरब वैयाकरण इथे क्रम बंधनकारक मानतात: आधी आला तो कर्ता. पण अक्रमत मूसा सल्मा या वाक्यात क्रियापदाला स्त्रीलिंगी ‘त’ आहे, म्हणून आदरसत्कार सल्माने केला आणि मूसाचा झाला, ती शेवटी आली असली तरी.