डिझेल भरलेलं, तरी जनरेटर सेल्फ घेईना: या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लाइट गेली की पहिल्या मिनिटात कुणीतरी जनरेटरकडे धावतं आणि ओरडून सांगतं, ‘मालक, सेल्फच घेईना!’ दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी डिझेलची टाकी उघडून बघतं आणि तिसऱ्या मिनिटाला हातपंपाने लाइनमधली हवा काढायला सुरुवात होते. यातलं टाकीचं आणि हवेचं काम वाया जातं. इंजिन फिरतच नसेल तर डिझेलचा प्रश्न अजून आलेलाच नाही. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तेव्हा डिझेल बघायचं. फिरतच नाही, तेव्हा बघायचा तो बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा रस्ता आणि सेल्फला हुकूम देणारा रिले. या लेखात तेवढंच आहे, आणि तेही १२ व्होल्टच्या सेटबद्दल. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असलेल्या २४ व्होल्टच्या मोठ्या सेटला बॅटरीचे आणि सेल्फचे आकडे दुप्पट धरा. केबल आणि सांध्यांवरची सूटही त्याच प्रमाणात वाढते, पण सांधा चांगला असेल तर तिथला आकडा लहानच दिसायला हवा.

हात लावण्याआधी एक काम न चुकता करा. पॅनल ऑटोवर असेल तर ते स्टॉपवर घ्या. ऑटोवर ठेवून पंख्याजवळ वाकलात आणि तेवढ्यात लाइट गेली, तर सेट तुम्हाला विचारून सुरू होणार नाही.

आधी ऐका

स्टार्ट दिल्यावर येणारा आवाज अर्धं निदान करतो. पॅनलमध्ये बारीक ‘टिक’ झाली आणि सेल्फ गप्प राहिला, तर कंट्रोलरने हुकूम दिला, रिले ओढला गेला, पण हुकूम सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे जाड केबलचा करंट सेल्फला जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंत, पोचला नाही. सेल्फवरच एक जोरदार ‘ठक’ होऊन सगळं थांबलं, तर सोलेनॉइड ओढला गेला पण जाड केबलमधून पुरेसा करंट आला नाही, किंवा सेल्फ वा इंजिन आतून अडकलंय. ‘टकटकटकटक’ अशी लागोपाठ थरथर आली तर सोलेनॉइड ओढला जातोय, व्होल्टेज कोसळतंय, तो सुटतोय आणि पुन्हा ओढला जातोय. हे बहुतेक वेळा कमजोर बॅटरीचं किंवा खराब सांध्याचं काम असतं. काहीच आवाज नसेल तर आधी इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण फिरवून बाहेर आलंय का बघा, मग फ्यूज. बऱ्याच पॅनलमध्ये ते बटण दाबलेलं असलं की क्रँकचा पुरवठाच तुटतो. सफाईवाल्याचा धक्का लागून दाबलेल्या बटणापायी मेकॅनिकची फी भरलेले लोक मी बरेच पाहिलेत.

स्क्रीनवरचा व्होल्टेज म्हणजे बॅटरीची तब्येत, ही समजूत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कंट्रोलर १३.६ व्होल्ट दाखवतो आणि ऑपरेटर म्हणतो, ‘बॅटरी फुल्ल हाय की ओ!’ तो १३.६ बॅटरीचा नसून पॅनलमधल्या चार्जरचा आहे. चार्जर बंद करून बॅटरीला काही तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ बसलेली. पण हाही आकडा फक्त विश्रांतीतला. प्लेटा झिजलेली बॅटरी नुसती पडून असताना १२.६ दाखवते आणि सेल्फने दोनशे अँपिअर मागितले की ७ वर येते.

म्हणून खरं माप एकच: सेल्फ मारत असताना, मल्टिमीटरच्या सुया थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरून घेतलेलं. सुया क्लँपवर नकोत, खुंटावरच. क्रँक चालू असताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. गेला तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर सेल्फ किंवा इंजिन जड झाल्याने ती जास्त दाबली जातेय. आकडा १२.४ वरून हललाच नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिच्याकडे कुणी करंट मागितलेलाच नाही, अडथळा पुढे कुठेतरी आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल इथेच सांगतो. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर असताना बंद कॅनॉपीत त्याहून जास्त असतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पाणी लवकर आटतं. प्लेटा उघड्या पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी नको. टॉवेलच्या युनिटमध्ये आणखी एक त्रास असतो: रुईचे तंतू बॅटरीच्या डोक्यावर बसतात, अ‍ॅसिडच्या वाफेने ओले होतात आणि दोन खुंटांमध्ये बारीक गळती सुरू होते. ओलसर फडक्याने पुसलं की झालं.

सांधा बघायला बझर वापरणं

केबल तपासताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवतात, बीप वाजला की केबल ओके म्हणतात. बीपला तांब्याची एक तार शिल्लक असली तरी पुरते, सेल्फला पुरत नाही. हा फरक नेमका कुठे नडतो, ते एका सेटवरून सांगतो.

६२.५ केव्हीएचा सेट, टॉवेलचा कारखाना. काही आठवडे सेट ‘टकटक’ करायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू व्हायचा. मालकांनी नवी बॅटरी आणली. थोडे दिवस बरे गेले, मग टकटक परत आली आणि शेवटी तीही थांबली. आता पॅनलमध्ये फक्त बारीक ‘टिक’ आणि स्क्रीनवर फेल टू स्टार्ट. दुकानदार बॅटरी बदलून द्यायलाही तयार होता.

स्टार्ट देऊन बॅटरीचे खुंट मोजले: १२.४. म्हणजे करंट ओढलाच जात नव्हता. मग क्रँक रिले. या चौकोनी रिलेच्या बुडाशी आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीचा प्लस येतो, ८७ वरून तो सोलेनॉइडकडे जातो. स्टार्ट दिल्यावर कॉइलवर पूर्ण व्होल्टेज होतं, म्हणजे कंट्रोलर निर्दोष. इंजिनच्या बॉडीशी मोजलं तर ३० वर १२.३ आणि ८७ वर ६.३. सहा व्होल्ट रिलेच्या आतच अडकले होते. उरलेल्यात सोलेनॉइड काही ओढला जाईना. रिले उघडला तर काँटॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले.

इथे बहुतेक जण नवा रिले लावून बिल करतात. नवा रिले बसवला आणि सेल्फ फिरलाही, पण जड, ओढल्यासारखा. फिरत असतानाच मोजलं: बॅटरीच्या खुंटांवर १०.९, पण सेल्फच्या जाड बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत फक्त ८.७. मधले २.२ व्होल्ट गेले कुठे? एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर: ०.३. ठीक. एक सुई मायनस खुंटावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर: १.९. चोर सापडला. मायनस केबलचं इंजिनकडचं थिंबल वरून घट्ट होतं, पण त्याच्याखाली रंग आणि गंज होता. नवी बॅटरी लावताना खुंटांवरचे क्लँप घासले गेले होते, केबलच्या दुसऱ्या टोकाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

करंट दोनशे अँपिअर धरला तर १.९ व्होल्टचा सांधा म्हणजे शंभरावा भाग ओहमहूनही कमी रोध. साधा मल्टिमीटर ओहमवर तो दाखवू शकत नाही आणि बझर तर आनंदाने वाजतो. पण त्याच सांध्यावर ३८० वॅट उष्णता तयार होते. प्रत्येक बाजूची पूर्ण केबल सांध्यांसकट अर्ध्या व्होल्टच्या आत असावी, एकेका सांध्यावर ०.१ ते ०.२ पेक्षा जास्त नको.

रिले कसा जळला, तेही आता कळतं. सांध्यामुळे व्होल्टेज कोसळायचं, सोलेनॉइड थरथरायचा, सोलेनॉइडचा करंट क्षणाक्षणाला तुटून जुळायचा आणि रिलेच्या काँटॅक्टवर दर वेळी ठिणगी पडायची. नुसता रिले बदलला असता तर तोही तसाच जळला असता.

थिंबल काढलं, दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासल्या, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं: मायनसकडे ०.२, सेल्फवर १०.०, आणि बॅटरीच्या खुंटांवर १०.५. दुरुस्तीनंतर बॅटरीचा आकडा १०.९ वरून खाली आला म्हणून मालक दचकले. पण तसंच व्हायला हवं. अडथळा गेल्यावर सेल्फ हवा तेवढा करंट ओढतो, बॅटरी थोडी जास्त दबते आणि इंजिन झटक्यात फिरतं.

पान्याने सेल्फ शॉर्ट करणं

सोलेनॉइडचे दोन बोल्ट पान्याने जोडून सेट सुरू करण्यात काहींना मोठी मर्दुमकी वाटते. ठिणगी उडते, बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असतो, आणि कंट्रोलरचं संरक्षण बाजूला पडतं. रिलेवर संशय असेल तर मीटरने ३० आणि ८७ मोजा, तेवढं पुरेसं आहे. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढा आणि लावताना तो शेवटी लावा.

नवा रिले घेताना कॉइलचा व्होल्टेज आणि काँटॅक्टचे अँपिअर जुन्याशी जुळवा. कॉइलवर डायोड असलेला असेल तर प्लस-मायनसही जुळवा, उलटा लावला तर कंट्रोलरच्या आउटपुटवर शॉर्ट होतो.

सगळे आकडे बरोबर, सेल्फवर १० व्होल्ट येताहेत, तरी ‘ठक’ होऊन इंजिन हलत नसेल, तर सलग स्टार्ट देत बसू नका. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको आणि मध्ये सेल्फ निवू द्या. मायनस काढून इंजिन हाताने फिरवून बघा. सहज फिरलं तर सेल्फ काढून बेंचवर न्या. फिरलंच नाही तर पिस्टनवर पाणी किंवा डिझेल साठलेलं असू शकतं, आणि तेव्हा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढचं काम इंजिन मेकॅनिकचं.