जिन्याची भिंत आणि जिन्याखालचं कपाट: गोव्याच्या पावसात या चुका टाळा

डिचोलीला माझ्या मावशीचं चिऱ्यांचं दुमजली घर आहे. तीन वर्षांपूर्वी तिने जिन्याखाली छान कपाट करून घेतलं, वरच्या भिंतीला गुळगुळीत पुट्टी आणि चकचकीत रंग दिला आणि आजोबांपासूनचे सगळे फोटो ओळीने लावले. मे महिन्यात काम संपलं तेव्हा बघणारा प्रत्येक जण दोन पायऱ्या चढून थांबायचा. चवथीच्या आधी माटोळीच्या दोऱ्या आणि देवाची वस्त्रं काढायला कपाट उघडलं, तेव्हा तिचा फोन आला. "अगं, आतल्या वासानेच डोकं दुखायला लागलं." वस्त्रांवर काळे ठिपके पडले होते, समई हिरवी झाली होती आणि आजोबांचा फोटो मागून फुगून काचेला चिकटला होता.

ती मेस्तांना दोष देत होती. काम मात्र सफाईचं होतं, चूक आखणीतच होती. पुण्यातलं कपाट जसंच्या तसं गोव्यात बसवलं होतं.

भिंत न तपासता कपाट बसवणं

चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. मावशीचा जिना पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा पाऊस थेट त्याच भिंतीवर मारतो. जुन्या घरांत पावसाळ्यापूर्वी भिंतींना माडाच्या चुडतांचा आडोसा करायचे, तो याचसाठी. आता आडोसा नाही आणि आतून मात्र कपाट लावलेलं. म्हणजे ओल आत येते आणि तिला सुकायला वारा मिळत नाही.

ओल कुठून येते ते आधी ओळखा, कारण तीन ओलींना तीन वेगळे उपाय आहेत. जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत पट्टा दिसत असेल आणि त्यावर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, येत असेल तर पाणी पायातून वर चढतं आहे. वाऱ्याच्या पावसानंतर मधेच कुठेतरी डाग वाढत असेल तर ते बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगेतून येतं आहे. आणि एप्रिलच्या कडक उन्हातही डाग तसाच राहत असेल, तर वरच्या न्हाणीघराचा पाईप तपासा.

शंका असेल तर साधी परीक्षा करा. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतला दमटपणा थंड पृष्ठभागावर साचतो आहे. ही परीक्षा जुलैत करा. मे महिन्यात केली तर कोरडं प्लास्टिक बघून खोटा धीर येतो, आणि मावशीच्या घरी नेमकं तेच झालं होतं.

ओल सापडली की आतून जाड, हवाबंद रंग लावून ती झाकायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. पाणी भिंतीतच अडकतं, आणि पुढच्या पावसाळ्यात रंग पापुद्र्यांनी सुटतो, सोबत पुट्टीही घेऊन येतो. दुरुस्ती बाहेरून व्हायला हवी: भेगा भरणं, गिलावा नीट करणं, शक्य असेल तर वर छज्जा काढणं. आतून भिंत श्वास घेईल असा चुन्याचा रंग द्या. लोणा आलेला असेल तर आधी तो कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुवू नका. धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. हे सगळं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा, म्हणजे भिंतीला सुकायला वेळ मिळतो.

बंद पेटीसारखं कपाट

मावशीच्या कपाटाची पाठ साध्या प्लायची होती आणि भिंतीला घट्ट टेकलेली. ठोकली तर भरीव आवाजाऐवजी भदभद वाजत होती, कडेला थर सुटले होते. तो प्लाय काढला तेव्हा मागे भिंतीवर हाताच्या पंजाएवढा करडा बुरशीचा थर होता, आणि कोपऱ्यात वाळवीची मातीची बारीक नळी वर चढत होती.

नवं कपाट आम्ही असं केलं. पाठच लावली नाही. जागेत बसेल असा सांगाडा भिंतीपासून 5 सेंटीमीटर पुढे उभा केला, म्हणजे मागे हवा फिरते. खाली ग्रॅनाइटचे 10 सेंटीमीटर उंचीचे तुकडे ठेवले, त्यामुळे लाकडाला फरशीची ओल लागत नाही आणि वाळवी आली तर झाडताना दिसते. प्लाय आय.एस. 710 चा घेतला. हा पाण्याला टिकतो, महाग पडतो, पण कापलेल्या कडांनाही रंग किंवा पॉलिश लावावं लागतं, कारण पाणी तिथूनच शिरतं. दाराला खाली आणि वर तिरप्या पट्ट्यांच्या झडपा दिल्या. फक्त वर झडप देऊन भागत नाही, हवेला आत यायलाही वाट लागते.

आता मर्यादाही सांगते. जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की झडपांनी कपाट पूर्ण कोरडं होत नाही, फक्त हवा कोंडत नाही. म्हणून वस्त्रं, कागद, फोटो तिथे ठेवायचेच नाहीत, ते वरच्या मजल्यावर. जिन्याखाली बादल्या, छत्र्या, पाट, तांब्या-पितळेची भांडी. ओल शोषणारे डबे मिळतात, पण ते बंद पेटीतच उपयोगी. झडपांच्या कपाटात ठेवले तर सगळ्या घरची हवा सुकवू बघतात आणि आठवड्यात भरतात. त्यात साचणारं पाणी खारट असतं, ते पितळेवर सांडू देऊ नका.

इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी बंद दाराआड ठेवू नका. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि तो जळणारा वायू आहे. बॅटरी उघड्या, हवेशीर जागी हवी. गॅसचा सिलिंडर तर जिन्याखाली नकोच.

फोटो नजरेने लावणं

मावशीच्या जिन्याची पायरी 18 सेंटीमीटर उंच आणि 25 रुंद आहे. पहिल्यांदा फोटो अंदाजाने लावले होते, त्यामुळे रांगेचा चढ जिन्याच्या चढाशी जुळत नव्हता. यावेळी दीड मीटरची काठी पायरीच्या पुढच्या कडेवर उभी धरली आणि टोकाशी पेन्सिलने खूण केली. तिसऱ्या पायरीपासून एकाआड एक पायरी, म्हणजे पुढची प्रत्येक खूण 50 सेंटीमीटर पुढे आणि 36 वर. ती फ्रेमच्या मध्याची जागा. फ्रेम 30 रुंद, त्यामुळे मधे 20 सेंटीमीटर मोकळे राहिले. आधी वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे चिकटवून दोन दिवस जा-ये केली, मगच ड्रिल काढलं.

चिऱ्यात खिळा ठोकला की भोक भुगा होऊन मोठं होतं. स्क्रू पकडायला भोकात बसवलेली गिट्टी आखूड असेल तर ती नुसत्या गिलाव्यातच अडकते आणि फ्रेमसकट निघते. म्हणून भोक गिलावा ओलांडून चिऱ्यात गेलं पाहिजे. ड्रिलमधून येणारी भुकटी पांढरी-करडी असते तोवर तुम्ही गिलाव्यातच आहात, तांबूस झाली की चिरा लागला. तिथून आणखी 4 सेंटीमीटर आत गेलो आणि त्या मापाची लांब गिट्टी बसवली.

फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराच्या गुट्ट्या चिकटवल्या, म्हणजे ओल्या भिंतीला पाठ टेकत नाही. आजोबांचा मूळ फोटो काचेवरून ओढून सोडवायचा नाही, फाटतो. तो काचेसकट स्कॅन करून घेतला, मूळ फोटो काचेसकटच वर कपाटात ठेवला आणि भिंतीवर प्रत लावली.