ट्रकभाड्यावरील रिव्हर्स चार्ज: या चुका टाळा

जीएसटीत सामान्यतः विक्रेता कर गोळा करून भरतो. काही सेवांच्या बाबतीत मात्र ही जबाबदारी खरेदीदारावर टाकलेली आहे, यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात, आणि लहान उद्योगांमध्ये त्यातली सर्वांत जास्त वेळा भेटणारी सेवा म्हणजे बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, देणाऱ्या ट्रान्सपोर्टरची मालवाहतूक. नोंदणीकृत व्यापारी, कारखाना, भागीदारी संस्था किंवा कंपनी भाडे देत असेल, तर त्या भाड्यावर ५ टक्के कर तिनेच भरायचा असतो.

सर्वाधिक चुका GSTR-3B या विवरणपत्रातील 3.1(d) या रकान्यात होतात. हा आकडा पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलने बनवलेल्या GSTR-2B या विवरणावरून आपोआप भरून येतो, म्हणून तो तसाच मान्य केला जातो. पण 2B मध्ये फक्त नोंदणीकृत ट्रान्सपोर्टरची बिले दिसतात. ज्याची सगळीच सेवा रिव्हर्स चार्जखाली येते, अशा ट्रान्सपोर्टरला नोंदणीतून सूट असल्यामुळे गावातला बिल्टी देणारा ट्रान्सपोर्टर तिथे बहुधा दिसणारच नाही.

समजा, इचलकरंजीतील एका कापड कारखान्याच्या भाडेखात्यात महिन्याला ६८,००० रुपये खर्च पडला आहे. त्यातले ३५,००० सुरतच्या नोंदणीकृत ट्रान्सपोर्टरला, २५,००० स्थानिक अनोंदणीकृत ट्रान्सपोर्टरला आणि ८,००० बिल्टी न देणाऱ्या टेम्पोवाल्याला गेले. टेम्पोवाल्याच्या भाड्यावर रिव्हर्स चार्ज लागत नाही, कारण बिल्टी काढल्याशिवाय तो कायद्याच्या अर्थाने मालवाहतूक एजन्सी ठरत नाही. उरलेल्या ६०,००० वर ३,००० रुपये कर होतो, पण पोर्टल केवळ ३५,००० वरचे १,७५० दाखवते. ही १,२५० ची तूट शोधण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे: 3B भरण्यापूर्वी भाडेखाते उघडून प्रत्येक नोंदीची बिल्टी पाहणे.

याच उदाहरणात कराचा प्रकारही चुकतो. सुरतचा ट्रान्सपोर्टर परराज्यातला असल्यामुळे १,७५० रुपये आयजीएसटी म्हणून, तर स्थानिक ट्रान्सपोर्टरच्या भाड्यावरचे १,२५० रुपये सीजीएसटी ६२५ आणि एसजीएसटी ६२५ असे भरावे लागतात. सगळी रक्कम सवयीने सीजीएसटी-एसजीएसटीत टाकणे हे चुकीच्या शीर्षाखाली भरणे ठरते.

दुसरी नेहमीची चूक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, वापरण्याची आहे. क्रेडिट लेजरमध्ये दोन लाख शिल्लक असले, तरी हे ३,००० रुपये रोखीनेच, म्हणजे PMT-06 चलनाने कॅश लेजरमध्ये पैसे भरूनच चुकवावे लागतात, कारण कायद्यातील ‘आउटपुट टॅक्स’च्या व्याख्येतून रिव्हर्स चार्जचा कर वगळलेला आहे आणि क्रेडिट फक्त आउटपुट टॅक्ससाठी वापरता येते. भरलेल्या कराचे क्रेडिट मात्र त्याच महिन्याच्या 3B मध्ये 4(A)(3) येथे घेता येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यासाठी हा कर निव्वळ खर्चच असतो.

उलट दिशेची चूकही तितकीच महागात पडते. ट्रान्सपोर्टरने स्वतः कर भरण्याचा पर्याय निवडला असेल, तर तो बिलात कर लावतो आणि तशी घोषणा छापतो. अशा बिलावर पुन्हा रिव्हर्स चार्ज भरला, तर एकाच भाड्यावर दोनदा कर जातो. म्हणून बिलावरील ‘रिव्हर्स चार्ज: होय/नाही’ ही ओळ नोंद करताना वाचलीच पाहिजे.

‘ट्रान्सपोर्टरचे पैसे दिले की कर भरू’ हा समज अर्धाच बरोबर आहे. नोंदणीकृत ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत पैसे दिल्याची तारीख किंवा त्याच्या बिलानंतरचा ६१ वा दिवस, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कर देय होतो. चार महिन्यांची उधारी चालणाऱ्या धंद्यात त्यामुळे पैसे देण्यापूर्वीच कराची वेळ उलटून जाते आणि वार्षिक १८ टक्के दराने व्याज सुरू होते. क्रेडिट मिळणार असल्याने अंतिम भार शून्य, हा युक्तिवाद व्याजाच्या बाबतीत चालत नाही.

ट्रान्सपोर्टर अनोंदणीकृत असेल, तर खरेदीदाराने स्वतःच्या नावे बीजक, म्हणजे सेल्फ-इन्व्हॉइस, तयार करावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. वर्षाअखेरीस सीएच्या सांगण्यावरून एकदम बाराही महिन्यांची बीजके बनवण्याची पद्धत आता टिकणार नाही. जून २०२४ च्या परिपत्रकानुसार अशा व्यवहारात क्रेडिटची मुदत सेल्फ-इन्व्हॉइस ज्या वर्षी काढले, त्या वर्षावरून मोजली जाते. त्यामुळे जुन्या वर्षाची राहिलेली रक्कम आज भरली, तरी क्रेडिट बुडत नाही. पण व्याज आणि उशिरा बीजक काढल्याबद्दल संभाव्य दंड टळत नाही.