वाढदिवसाच्या शुभेच्छांना उत्तर कसं द्यावं, की ते छापील वाटू नये

दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला मी एकच मजकूर केला, ‘आपण दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार’, पुढे दोन हात जोडले आणि सगळ्यांना चिकटवत गेले. त्याच संध्याकाळी कागलची आत्या आणि माझी चुलतबहीण एका बारशाला शेजारी बसल्या होत्या. दोघींचे फोन एकदमच वाजले. दोघींनी मजकूर ताडून पाहिला. रात्री आत्याचा फोन आला, “काय गं, सगळ्यांस्नी येकच पाठवलंयस व्हय?” ती रागावली नव्हती, पण तिनं सकाळी चष्मा लावून आठ ओळी टाइप केल्या होत्या, आणि त्या आठ ओळी मी नीट वाचल्याही नव्हत्या. तेव्हापासून मी खाली सांगते तसं करते.

सकाळी उत्तर देऊ नका, नुसतं बघा

वाढदिवसादिवशी घरात औक्षण, देवदर्शन, पाहुणे, त्यातच ऑफिस. मधल्या दोन मिनिटांत मेसेज उघडला की बोट आपोआप ‘थँक्यू’कडे जातं, आणि ते एकदा गेलं की त्या माणसाला पुन्हा सावकाश लिहायला जमत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट उघडूच नका. यादीत नावाखाली मेसेजची पहिली ओळ दिसते, तेवढी वाचली तर समोर निळी खूण जात नाही. चुकून उघडलंच, तर चॅट ‘न वाचलेलं’ करून ठेवा. त्यानं गेलेली निळी खूण परत येत नाही, पण रात्री ते चॅट तुमच्या नजरेतून सुटत नाही.

फोन मात्र घ्यायचे. ज्यानं फोन केला, त्याला वेगळा मेसेज पाठवायची गरज नाही.

रात्री बसा आणि आधी वेगळं काढा

जेवणं आटपल्यावर तासभर काढा. गेल्या वर्षी मला चौसष्ट मेसेज होते. त्यांतले अकरा स्वतः विचार करून लिहिलेले होते: आठवण, आशीर्वाद, जुना फोटो. तेवीस जणांनी माझं नाव घालून एखादी ओळ लिहिली होती. उरलेले तीस म्हणजे केकची हलती चित्रं, फुलांचे गुच्छ आणि ग्रुपमधल्या शुभेच्छा.

वेळ याच हिशेबानं वाटायचा. अकरा जणांना प्रत्येकी तीन मिनिटं, तेवीस जणांना मिनिटभर, आणि तीस जणांना मिळून दहा मिनिटं. चौसष्ट जणांना सारखंच वागवायला गेलं की दहाव्या माणसापाशी शब्द संपतात आणि मग छापील मजकूर सुरू होतो. मोठे मेसेज आधी घ्या, डोकं ताजं असताना.

त्यांचाच एक शब्द उचला

सगळं उत्तर यावर उभं राहतं. त्यांनी काय लिहिलंय ते पूर्ण वाचा, त्यातली एक गोष्ट उचला आणि तिच्यापासून सुरुवात करा. आभार शेवटी आले तरी चालतात, नाही आले तरी चालतात.

आत्याचाच मेसेज घ्या. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं दूध समोरच काढून देतात, तिथली ही आठवण. तिनं गेल्या वर्षी लिहिलं होतं की, “तू चौथीत असताना तुला गंगावेशीत दूध प्यायला नेलं होतं, फेसाची मिशी आली होती तुला. अशीच हसत राहा.” मी आधी लिहिलं, ‘आत्या, तुमच्या आशीर्वादाबद्दल खूप खूप आभार.’ वाचून बघितलं. हे कुणालाही गेलं असतं. पुसलं. मग लिहिलं, ‘आत्या, नमस्कार करते. ती मिशी तू पदरानं पुसलीस आणि म्हशीला हात लावू दिला नाहीस, म्हणून मी रंकाळ्यापर्यंत रुसून बसले होते, आठवतंय? रविवारी कागलला येते.’

यात काय बदललं ते बघा. एक, ‘तुमच्या’ गेलं. मी आत्याला अगं-तुगंच करते, मग लेखी उत्तरातच अचानक ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ कशाला? तिथंच मजकूर परका होतो. दोन, ‘आभार’ गेले आणि ‘नमस्कार’ आला. आपल्याकडं मोठ्यांच्या आशीर्वादाला नमस्कार करतात. आईला, मामाला, शाळेतल्या सरांना ‘धन्यवाद’ लिहिलं की व्यवहार मिटवल्यासारखं वाटतं. तीन, तिच्या आठवणीत माझ्याकडची एक भर पडली. आणि चार, रविवारचं बोलणं खरं होतं. जायचं नसेल तर ‘येते एकदा’ असं लिहू नका, आत्या चहा टाकून वाट बघते.

तिला डोळ्यांचा त्रास आहे, म्हणून मी हेच बोलून रेकॉर्ड करून पाठवलं. पंचवीस सेकंद. वयस्कर माणसांना आवाज जास्त आवडतो, फक्त अर्ध्या मिनिटाच्या वर नेऊ नका.

एका ओळीला एका ओळीचंच उत्तर

तेवीस जणांनी आठवण दिलेली नसते, मग शब्द उचलायचा कुठून? त्या माणसाकडून. त्याच्याशी शेवटचं बोलणं कशावरून झालं होतं, ते आठवा. चॅट थोडं वर सरकवलं की सापडतं. ‘भावा, थँक्यू! गाडीचं काम झालं का?’ ‘वहिनी, मनापासून आभार. सोनूची परीक्षा कशी गेली?’ बस्स. ज्याला ‘भावा’ म्हणता त्याला ‘भावा’च लिहा. मित्राला ‘आपला ऋणी आहे’ लिहिलंत तर तो फोन करून विचारेल, बरं आहे ना?

वर सरकवण्याचा आणखी एक उपयोग आहे. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्यांनीही शुभेच्छा पाठवलेल्या असतात. त्यांना हसरे चेहरे आणि फुगे जायला नकोत. ‘अशात तुम्ही आठवण ठेवलीत. आई कशा आहेत आता?’ एवढं पुरे.

ग्रुप आणि चित्रं

ग्रुपमध्ये प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं तर बाकीच्यांचा फोन तासभर वाजत राहतो. शुभेच्छा थांबल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदाच लिहा आणि त्या ग्रुपचंच काही लिहा. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल जिन्यात कुणीतरी रांगोळी काढली होती, ती कुणाची ते अजून कळलेलं नाही, सांगा.’ नावं घ्यायची तर सगळी घ्या. सातातलं एक राहिलं तर तेवढंच लक्षात राहतं. ज्यानं ग्रुपवर आणि खासगीतही लिहिलंय, त्याला खासगीत उत्तर द्या.

नुसतं केकचं चित्र आलं असेल तर त्यावर बदाम द्या. तेवढंच आलंय, तेवढंच जाऊ दे.

एक खबरदारी मात्र घ्या. स्वतःचं उत्तर एका चॅटमधून दुसरीकडं फॉरवर्ड करू नका. दोघांना तेच म्हणायचं असलं तरी नव्यानं टाइप करा. हातानं लिहिताना चार शब्द आपोआप बदलतात.

उशीर झाला तर

तिसऱ्या दिवसापर्यंत चालतं, कारण सांगत बसू नका. त्याहून उशीर झाला तर मेसेज करण्यापेक्षा फोन लावा.

आणि तुमच्या उत्तरावर त्यांचं उत्तर आलं, ‘अगं त्यात काय एवढं’, तर त्याला बदाम देऊन थांबा. आत्यानं त्या रेकॉर्डिंगवर एवढंच लिहिलं होतं, ‘ये. म्हस अजून हाय.’

मी बदाम दिला आणि रविवारी गेले.